ज्वारी पफ्सच्या पाकिटामागची यादी मराठीत सांगताना: सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका छोट्या उद्योगाचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि आकडे पूर्णांकाच्या जवळपास आणले आहेत. मूळ धंदा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, जिकडेतिकडे ज्वारी-बाजरीची चर्चा होती, तेव्हा त्यांनी मसाला ज्वारी पफ्स सुरू केले. तीस ग्रॅमचं पाकीट, पुढे ज्वारीच्या कणसाचं मोठं चित्र, खाली ‘तळलेले नाही’ आणि ‘फायबरने भरपूर’ अशा दोन ओळी.

धंदा सांभाळणाऱ्या काकूंना सगळे काकूच म्हणतात. सोशल मीडियाचं काम त्यांचा भाचा बघतो. मी आहारशास्त्र शिकलेली आहे आणि छोट्या उत्पादकांना लेबलं तपासून देते. माझ्याकडे आलेलं काम साधं वाटत होतं: पाकिटामागची घटकांची यादी लोकांना समजेल अशा मराठीत, छोट्या छोट्या पोस्टमध्ये मांडायची.

यादी इंग्रजीत होती. नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलं की भागतं, मराठी ऐच्छिक आहे. मराठीत ती अशी वाचता येईल: ज्वारीचं पीठ (४२%), तांदळाची कणी, खाद्य वनस्पती तेल (पामोलीन), मक्याचा रवा, मसाला मिश्रण. मिश्रणापुढे कंसात मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन, कांदा पावडर, लसूण पावडर, मिरची, धने, जिरे, साखर, टोमॅटो पावडर, आम्लता नियंत्रक (३३०, २९६), चव वाढवणारे पदार्थ (६२७, ६३१) आणि गुठळ्या होऊ न देणारा पदार्थ (५५१).

अडचण

गिऱ्हाइकांचे प्रश्न व्हॉट्सॲपवर यायचे आणि भाचा त्या त्या वेळी सुचेल ते उत्तर द्यायचा. ‘५५१ म्हणजे रेती का?’, ‘६३१ डुकराच्या चरबीपासून करतात असा मेसेज आलाय, खरं का?’, ‘साहेबांना शुगर आहे, चालेल का?’ आणि श्रावणात हमखास येणारा, ‘कांदा-लसूण आहे का हो?’ या शेवटच्या प्रश्नाला त्याने एका बाईंना ‘हिरवा ठिपका आहे, बिनधास्त खा’ असं कळवलं होतं. हिरवा ठिपका फक्त पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो, कांदा-लसणाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि या मसाल्यात तर दोन्ही होते. त्या बाईंनी चातुर्मासाचा नेम मोडल्याचा जाब विचारला, तेव्हा काकूंनी मला बोलावलं.

यादी शब्दशः मराठीत आणली तर हे प्रश्न सुटत नाहीत, हे पहिल्याच बैठकीत दिसलं. ‘आम्लता नियंत्रक’ वाचून कोणाला काय कळणार? लोकांना हे कशासाठी घातलंय, किती घातलंय आणि कोणी जपून खायचं, एवढं हवं असतं. त्यातला ‘किती’ हा भाग सगळ्यात अवघड निघाला.

समोर कोणते पर्याय होते

भाच्याचा बेत होता रोज एक घटक, एक चित्र, एक गुण. ‘ज्वारी: लोहाचा खजिना’, ‘जिरे: पचनाला उत्तम’ असे त्याचे मसुदे तयारही होते. दिसायला छान, पण यात जिरं आणि ज्वारी एकाच मापाने मोजली जातात. अख्खा मसालाच ८ टक्के, म्हणजे तीस ग्रॅमच्या पाकिटात अडीच ग्रॅमहून कमी. त्यातलं जिरं चिमटीतही येणार नाही, त्याच्या पचनगुणांची पोस्ट टाकणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणंच.

दुसरा पर्याय एकाच मोठ्या तक्त्यात सगळं सांगायचा. तो छापून दुकानात लावायला ठीक, मोबाइलवर कोणी वाचत नाही.

तिसरा पर्याय मी सुचवला. यादीचा क्रम पाळायचा, पण प्रत्येक पोस्ट लोकांनी खरोखर विचारलेल्या प्रश्नापासून सुरू करायची. कारण त्या क्रमातच बरंच काही दडलेलं असतं. उत्पादनाच्या वेळी ज्याचं वजन जास्त तो घटक आधी, असा नियम आहे. म्हणून पामोलीन तांदळानंतर आणि मक्याच्या आधी आहे, एवढ्यावरूनच तेल मक्यापेक्षा जास्त आहे हे कळतं. ज्याचं नाव किंवा चित्र पाकिटावर ठळक दाखवलंय त्याची टक्केवारी देणं बंधनकारक असतं, म्हणून ज्वारीपुढे ४२ आहे आणि बाकीच्यांपुढे काही नाही. मसाल्याचा कंस एवढा लांबलचक आहे तोही नियमामुळेच. मिश्रण ५ टक्क्यांपेक्षा कमी असतं, तर आकड्यांनी दाखवलेले पूरक पदार्थ सोडून बाकीचं न सांगताही चाललं असतं. मग कांदा-लसूण यादीत दिसलेच असते असं नाही.

तिसऱ्या पर्यायावर एकमत झालं, एका अटीसह. पोस्टमधल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद हवा: लेबल, प्रयोगशाळेचा अहवाल किंवा मसाला पुरवणाऱ्याचं पत्र. कागद नसेल तर ते वाक्य पोस्टमध्ये येणार नाही. भाच्याला ही अट जाचक वाटली आणि पुढे बराचसा वेळ खरंच कागद मागवण्यातच गेला.

पहिला निर्णय: पाव भाकरी

ज्वारीच्या पोस्टमध्ये ‘४२%’ लिहून थांबता आलं असतं. पण ४२ टक्के म्हणजे पानात किती पडलं, हे त्यावरून कळत नाही. तीस ग्रॅमचे ४२ टक्के म्हणजे साडेबारा ग्रॅम पीठ. काकूंच्याच कारखान्यात भाकरी थापणाऱ्या बाईंकडून एका मध्यम भाकरीचा गोळा व्हायच्या आधीचं पीठ मोजून घेतलं, ते ५० ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे एका पाकिटात साधारण पाव भाकरीची ज्वारी. टक्केवारी कच्च्या मालाची असते आणि भाजताना पाणी उडतं, म्हणून ‘साधारण’ हा शब्द मुद्दाम ठेवला.

काकूंना हे पटेना. ‘मॅडम, पाव भाकरीचं कशाला घालताय ओ? लोक हसतील की. मग भाकरीच खातो म्हणतील.’

त्यांची भीती चुकीची नव्हती. सोलापुरात ज्वारीचं अप्रूप नाही, मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकन आहे. इथला माणूस पफ्सची तुलना भाकरीशी करणारच. माझा मुद्दा एवढाच होता की ४२ हा आकडा पाकिटावर छापलेलाच आहे. गुणाकार कोणीतरी करणारच, तर तो आपण केलेला बरा. शिवाय उरलेल्या जागी तांदूळ आणि मका का आहेत, हे सांगायची संधी त्याच पोस्टमध्ये मिळत होती.

ते कारण यंत्रात आहे. पफ्स एक्सट्रूडरमध्ये होतात: ओलसर पीठ स्क्रूने दाबत पुढे नेतात, दाबाने आणि घर्षणाने ते तापतं, आणि बारीक भोकातून बाहेर पडताच आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुलतं. फुलायला पिष्ट लागतं. सालासकट दळलेल्या ज्वारीतला कोंडा बुडबुड्याची भिंत फाडतो, त्यामुळे नुसत्या ज्वारीचे पफ्स बसके आणि दाताला कडक होतात. काकूंनी आधी जास्त ज्वारीचा माल काढून पाहिला होता, त्यातलं एक पाकीट त्यांनी माझ्यापुढे फोडलं. दाणे अर्ध्या आकाराचे होते आणि चावताना कडाकड आवाज येत होता. तांदूळ-मका ‘भेसळ’ म्हणून आलेले नाहीत, फुलवण्यासाठी आलेले आहेत. हे ऐकल्यावर काकू पाव भाकरीला तयार झाल्या.

‘फायबरने भरपूर’ ही ओळ मात्र टिकली नाही. घन पदार्थाला ‘भरपूर’ म्हणायचं तर १०० ग्रॅममागे किमान ६ ग्रॅम तंतू लागतात, ‘स्रोत’ म्हणायला ३ ग्रॅम पुरतात. प्रयोगशाळेचा अहवाल ४.६ ग्रॅम सांगत होता. पोस्टमध्ये ‘तंतूंचा स्रोत’ लिहिलं आणि पाकिटावरची ओळ पुढच्या छपाईत बदलायचं ठरलं.

दुसरा निर्णय: तेलाचं काय करायचं

भाच्याचा मसुदा होता: ‘आमचे पफ्स तळलेले नाहीत, म्हणून हलके!’ पहिला अर्धा भाग खरा आहे. पण एक्सट्रूडरमधून आलेले पफ्स भाजून झाले की फिरत्या ड्रममध्ये पडतात आणि तिथे त्यांच्यावर तेल फवारतात, म्हणजे मसाला चिकटतो. हे तेल १८ टक्के. तेल किती ते लेबलवर नव्हतं आणि काकूंना ते धंद्याचं गुपित वाटत होतं.

मी त्यांना पोषण तक्ता दाखवला. एकूण स्निग्धांश १०० ग्रॅममागे १९.५ ग्रॅम. धान्यांचा स्वतःचा दीड-एक ग्रॅम वजा केला की तेल हाती येतं. गुपित त्यांनीच पाकिटावर छापलं होतं! त्यानंतर चर्चा लवकर संपली. जी पोस्ट गेली ती पूर्ण देते, कारण बाकीच्या सगळ्या याच साच्यात बसवल्या:

> तळलेले नाहीत, मग तेल कुठून आलं?
>
> पाकिटावर तिसरं नाव आहे पामोलीन. हा पाम तेलाचा पातळ भाग.
>
> पफ्स आम्ही तळत नाही, भाजतो. भाजल्यावर त्यावर तेल फवारतो, नाहीतर मसाला पाकिटाच्या तळाशी जाऊन बसेल.
>
> एका पाकिटात सुमारे ६ ग्रॅम स्निग्धांश आहे, त्यातला संपृक्त सुमारे २.४ ग्रॅम. लेबलच्या हिशेबात दिवसभराची संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा २२ ग्रॅम धरतात.
>
> पामोलीन का? ते लवकर खवट होत नाही आणि स्वस्त आहे. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलापेक्षा त्यात संपृक्त भाग जास्त असतो, हेही खरं.
>
> डॉक्टरांनी तेल कमी सांगितलं असेल तर हे रोजचं खाणं नाही.

‘आणि स्वस्त आहे’ हे तीन शब्द ठेवायचे की काढायचे यावर सगळ्यात जास्त वाद झाला. मी ठेवा म्हटलं. टिकण्याचं कारण एकटं दिलं की ते सबबीसारखं वाचलं जातं, आणि किंमत कोणाला कळत नाही असं थोडंच आहे?

तिसरा निर्णय: कंसातले आकडे

आकड्यांना लोक घाबरतात, पण त्यातले बहुतेक सोपे निघाले. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. २९६ मॅलिक ॲसिड, हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा त्याचाच. ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. रेतीचं रसायन तेच, म्हणून अफवा उठते, पण इथे ते अतिशय बारीक भुकटीच्या रूपात असतं. कांदा-लसूण पावडर हवेतला ओलावा धरते आणि मसाल्याचे खडे होतात, ते होऊ नयेत म्हणून चिमूटभर घालतात.

६३१ वर मात्र थांबावं लागलं. हा पदार्थ मासे किंवा मांसापासूनही करता येतो आणि पिष्ट आंबवूनही. आकडा दोन्हीला एकच, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. हिरवा ठिपका उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेला असतो आणि इथे उत्पादक काकू होत्या. त्यांनी मसाला बाहेरून घेतला होता, ६२७ आणि ६३१ कशापासून केलेत हे कधी विचारलं नव्हतं. भाचा म्हणाला, ठिपका आहे म्हणजे शाकाहारीच, टाकून देऊ पोस्ट. पण आपणच लावलेला ठिपका आपल्याच पोस्टचा पुरावा कसा होणार? पुरवठादाराकडून पत्र मागवलं. टॅपिओकाचं पिष्ट आंबवून केल्याचं त्यात लेखी आलं, मगच पोस्ट गेली. पत्राला उशीर झाला, तोवर भाचा विचारणाऱ्यांना ‘पुरवठादाराला विचारलंय, कळवतो’ एवढंच सांगत होता. माझ्या मते या सगळ्या कामातलं त्याचं ते सर्वांत चांगलं उत्तर.

त्याला ‘अजिनोमोटो नाही’ अशी पोस्टही हवी होती. अजिनोमोटोचा आकडा ६२१, तो यादीत नाही हे खरं. पण अजिनोमोटोला ज्यामुळे चव येते ते ग्लुटामेट टोमॅटो पावडरमध्ये निसर्गतःच असतं आणि ६२७-६३१ ची जोडी त्याचीच चव उचलून धरायला घालतात. म्हणून ‘वरून घातलेलं नाही’ एवढंच लिहिलं आणि ६२७-६३१ काय करतात ते पुढच्याच ओळीत सांगितलं.

मधुमेहाच्या प्रश्नाला ‘ज्वारी आहे, चालेल’ हे तयार उत्तर होतं. ते बंद केलं. पिष्टापासून केलेलं माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात मोजलं जात नाही, तरी पोटात त्याचं ग्लुकोज झपाट्याने होतं. इथे ते थोडंसंच आहे, मोठा मुद्दा धान्याचा आहे. एक्सट्रूडरच्या उष्णतेत पिष्ट इतकं शिजून फुलतं की त्याचं पचन भाकरीपेक्षा लवकर होतं. पफ्सला भाकरीचे गुण लावता येत नाहीत, असं स्पष्ट लिहिलं.

कारखान्यात दिसलेली गोष्ट

फोटो काढायला कारखान्यात गेले तेव्हा पफ्सच्या ड्रमपासून काही पावलांवर शेंगा चटणी कांडायचं चाललं होतं. दाण्याचा बारीक कूट ड्रमच्या झाकणावर बोटाला लागत होता. पाकिटावर मात्र शेंगदाण्याचा उल्लेख कुठेच नव्हता. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला एवढासा कूटही जड जाऊ शकतो, आणि शेंगदाणा हा लेबलवर सांगायच्याच ॲलर्जीकारक घटकांत मोडतो.

इथे पोस्टचं काम थांबवलं. घटकांची यादी समजावून सांगायची आणि त्या यादीत नसलेली जोखीम तशीच सोडायची, हे जमणारं नव्हतं. काकू म्हणाल्या, ‘आपल्याकडं शेंगा कुणाला बाधतात ओ?’ पण त्यांचं पाकीट पुण्या-मुंबईलाही जात होतं. छापील फिल्मचे रोळ शिल्लक होते, म्हणून बॅच नंबर आणि तारीख मारणाऱ्या यंत्रावरच ‘शेंगदाण्याचे अंश असू शकतात’ ही ओळ टाकली. पफ्स आणि चटणीचे दिवस वेगळे केले, मध्ये ड्रम धुऊन कोरडा करायचं ठरलं. हे झाल्यावर पहिली पोस्ट टाकली ती शेंगदाण्याची. यादीचा क्रम तेवढ्यापुरता मोडला.

परिणाम

पाव भाकरीच्या पोस्टवर लोक हसले, काकू म्हणाल्या होत्या तसेच. ‘पाव भाकरी आणि सोबत ठेचा द्या’ अशा टिप्पण्या आल्या. पण सगळ्यात जास्त पुढे पाठवली गेली तीच. तेलाच्या पोस्टवर काही जण चिडले, ‘आजवर का नाही सांगितलं’ म्हणून. एका दुकानदाराने माल कमी केला, तर एका शाळेजवळच्या दुकानदाराने पोस्टची प्रत काढून भिंतीवर लावली.

६३१ चे फॉरवर्ड आले की भाचा आता वाद घालत नाही, पोस्ट पाठवतो. श्रावणाच्या तोंडावर कांदा-लसणाची पोस्ट पुन्हा टाकली, त्या महिन्यात तक्रार आली नाही.

विक्रीबद्दल ठाम काही म्हणता येत नाही. जानेवारीत ती वाढली, पण तेव्हा सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा असते आणि सोलापुरात खाण्याच्या सगळ्याच वस्तू जास्त खपतात. भाच्याने वाढीचं श्रेय पोस्टना दिलं, मी ते अहवालात घेतलं नाही.

नव्या छपाईत पुढच्या बाजूला कणसाखाली ‘ज्वारी ४२%’ आलं, ‘फायबरने भरपूर’ गेलं. ‘तळलेले नाही’ राहिलं, काकूंनी ते सोडलं नाही. त्याच्या शेजारी ‘तेल फवारलेले’ लिहावं अशी माझी सूचना होती, ती मान्य झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आधी कारखान्यात फेरी, मग पुरवठादाराची पत्रं, मग लेखन. आम्ही मसुद्यांपासून सुरुवात केली, त्यामुळे शेंगदाण्याची बाब उशिरा, तीही फोटोच्या निमित्ताने समोर आली. मसाला पुरवठादाराकडून घटकांची पूर्ण तपशीलपत्रिका माल घेतानाच घ्यायला हवी होती, पोस्टसाठी नव्हे तर लेबलसाठीच.

तेलाचा निर्णयही अर्धवट राहिला. तांदळाच्या कोंड्याचं तेल वापरलं तर तेलातला संपृक्त भाग जवळपास निम्मा होईल. पण त्याचा दर जास्त आहे, आणि ते फवारलेला माल किती दिवसांनी खवट लागतो हे पाकिटं ठेवून, ठरावीक दिवसांनी फोडून बघावं लागतं. तशी थोडी पाकिटं काकूंनी भरून ठेवली आहेत. त्यांचा निकाल येण्याआधीच ‘लवकरच नवं तेल’ अशी पोस्ट भाच्याने लिहून ठेवली आहे. ती अजून मसुद्यातच आहे.

पुढचं उत्पादन नाचणीच्या काड्यांचं आहे. त्याची घटकांची यादी या वेळी फिल्म छापायला जायच्या आधी माझ्याकडे आली. त्यात नाचणी तिसऱ्या नंबरवर आहे, मैदा पहिल्या, आणि पाकिटाच्या चित्रात फक्त नाचणी. चित्र बदलायचं की नाचणी वाढवायची, यावर मावशी-भाच्यांचं अजून जुळलेलं नाही.